अंकलचा आवाज आणि मी गाळलेली वाक्यं

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. मशीनची नाही, सर्जनची नाही, माझी. हे पहिल्याच ओळीत लिहिलं नाही तर पुढे मी हळूहळू स्वतःला वाचवायला लागेन, मला माझी सवय माहितीये.

मी यूएईत, फुजैरातल्या एका हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन थिएटरची टेक्निशियन आहे. जन्म शारजाचा, शाळा शारजाची, मम्मी-पप्पा वसईचे. घरी ते मराठीत ओरडायचे आणि मी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचे. मराठी बोलते ती अशीच, धावत. थायरॉइडचं ऑपरेशन असलं की माझ्याकडे एक मशीन असतं, नर्व्ह मॉनिटर. आणि त्या मशीनबद्दल मी कोणालाही, कधीही, जेवतानासुद्धा सांगू शकते, म्हणून इथेपण सांगतेच.

थायरॉइड गळ्यात पुढे असते, उजवा भाग आणि डावा भाग. तिच्या मागून, श्वासनळीला चिकटून, दोन्ही बाजूंनी एकेक नर्व्ह वर आवाजाच्या पेटीत जाते. मोबाइलच्या चार्जरच्या वायरपेक्षा बारीक. आणि ही नर्व्ह डोक्यातून निघून सरळ घशात येत नाही! ती गळ्यातून खाली उतरते, मोठ्या रक्तवाहिनीला वळसा मारते आणि परत वर येते. कॉलेजमध्ये पहिल्यांदा शिकले तेव्हा मी रूममेटला म्हटलं, शेजारच्या खोर फक्कानवरून फुजैराला यायचंय आणि हा माणूस आधी शारजाला जाऊन येतोय. पण या वेड्या रस्त्यामुळेच ती बरोबर थायरॉइडच्या मागे सापडते आणि थायरॉइड काढताना दुखावू शकते.

आवाजाच्या पेटीत दोन पट्ट्या असतात. बोलताना त्या जवळ येतात, श्वास घेताना लांब जातात. त्यांना हलवते ती ही नर्व्ह. एका बाजूची दुखावली तर एक पट्टी थांबते, आवाजातून हवा निसटते, माणूस बसक्या आवाजात बोलतो. दोन्ही बाजूंच्या दुखावल्या तर दोन्ही पट्ट्या मध्येच अडकू शकतात आणि मग प्रश्न आवाजाचा राहत नाही, श्वासाचा होतो. गळ्याला भोक पाडून नळी घालावी लागू शकते.

म्हणून मशीन. भुलीची जी नळी घशात घालतात तिच्यावर सेन्सर असतात, ते दोन्ही पट्ट्यांना टेकतात. सर्जन एका बारीक सळईने नर्व्हला थोडासा करंट देते, पट्टी हलते, माझ्या स्क्रीनवर लाट येते आणि स्पीकरमधून आवाज येतो. टक. बस्स, एवढंच. त्या टकसाठी मी पगार घेते.

तर अंकल.

त्या दिवशी ओपीडीतून नर्सचा फोन आला. "तू मराठी ना? यल्ला, चल, खाली ये, एक पेशंट आहे."

खाली केबिनमध्ये सर्जन मॅडम होत्या, सीरियन, आमच्या हॉस्पिटलमध्ये सगळ्यात शांत बाई. समोर एक अंकल आणि आंटी. अंकल पन्नाशीचे, काळेसावळे, मनगटं म्हणजे दोरखंड. खोर फक्कान पोर्टवर लॅशिंगचे फोरमन. जहाजावर कंटेनर लोखंडी सळयांनी बांधतात ना, त्या गँगचे मुकादम. आंटी एका हॉटेलच्या लाँड्रीत. अंकलच्या गळ्याला दोन्ही बाजूंनी गाठी, उजवीकडची तर कॉलरच्या बाहेर दिसत होती. सुईची तपासणी झालेली, कॅन्सर नव्हता, पण उजवी गाठ श्वासनळीला दाबत होती. उताणं झोपलं की दम लागायचा, घास अडकायचा. नाकातून कॅमेरा घालून पट्ट्यापण बघून झालेल्या, दोन्ही छान हलत होत्या.

हॉस्पिटलचा नियम असा की पेशंटला इंग्लिश किंवा अरबी नीट येत नसेल तर फोनवर दुभाषी घ्यायचा. मॅडमनी फोन उचलला होता, हिंदीचा दुभाषी लावायला. अंकलना हिंदी फर्स्टक्लास येते, दिवसभर तीच बोलतात. पण मी आत आले, म्हटलं, "नमस्ते अंकल, तुम्ही वसईचे?" आणि खलास. अंकलनी हातानेच फोन खाली ठेवायला लावला.

"फोनबिन नको. आपली बाय आहे ना. कुठली गो तू?"

मी गाव सांगितलं. आंटी म्हणाली, "अगो, माझी आते तिथंच दिलेली." मग दोन मिनिटं आम्ही चर्चच्या मागच्या विहिरीबद्दल बोललो, जी मी आयुष्यात तीनदा बघितलीये. मॅडम हसत थांबल्या होत्या.

मग त्या इंग्लिशमध्ये बोलायला लागल्या, एकेक वाक्य, माझ्यासाठी थांबत. मी मराठीत सांगत होते. सगळी थायरॉइड काढणार, बरोबर. नंतर रोज गोळी, आयुष्यभर, बरोबर. कॅल्शियम कमी होऊ शकतं, बोटांना मुंग्या आल्या तर सांगायचं, बरोबर. तेवढ्यात अंकलनी मध्येच विचारलं, मॅडमना नाही, मला.

"आवाजाचं काय?"

"म्हणजे?"

"बाय, वर क्रेन चालते, खाली माझी चौदा माणसं. वॉकी असतो, पण वॉकी बंद पडतो, बॅटरी जाते, पोरं इयरफोन काढून ठेवतात. सळई सुटली तर मी ओरडतो. माझं 'हट' ऐकलं की माणूस आधी उडी मारतो, नंतर बघतो काय झालं. आवाज गेला तर मी तिथं उभा राहून काय करू?"

आंटीने त्यांच्या शर्टाची बाही धरली होती. घट्ट. मी ती बाही बघत होते.

मी प्रश्न इंग्लिशमध्ये सांगितला आणि मॅडम उत्तर देत होत्या. त्यांची ती वाक्यं मला अजून पाठ आहेत. आवाज काही दिवस नळीमुळे बसतोच. पण नर्व्ह ताणली गेली तर तो काही आठवडे ते काही महिने बसलेला राहू शकतो, बहुतेकांचा परत येतो, थोड्यांचा कायमचा बदलतो. आणि ओरडायचा, लांब फेकायचा आवाज सगळ्यात शेवटी येतो, कधी पूर्ण येत नाही. आणि पहिल्या बाजूला सिग्नल गेला तर मी दुसरी बाजू त्या दिवशी करणार नाही, थांबेन, म्हणजे उठल्यावर त्यांना कळेल की अर्धंच झालंय.

मी मराठीत सांगितलं ते असं. "आवाज थोडा बसतो हं अंकल, दोन-चार दिवस, नळीमुळे. पण मशीन आहे, आणि मशीनवर मी स्वतः बसते. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

बाकीचं मी गाळलं.

का? किती वेळा विचार केलाय. बाहीमुळे, विहिरीमुळे. त्यांचा चेहरा पडलेला बघायचा नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला ती मुलगी व्हायचं होतं जिच्यामुळे त्यांना बरं वाटलं. त्या केबिनमध्ये मी खूप चांगली वाटत होते, स्वतःला.

मग अंकलनी जे केलं ती त्यांच्या कामातली सवय होती. ते खुर्चीत पुढे सरकले. "आमच्याकडे कसंय बाय, ऑर्डर ऐकली म्हणजे झालं नाही. परत बोलून दाखवायची. क्रेनवाल्याला सांगितलं, तो परत बोलतो, मग मी 'कॉपी' म्हणतो, मगच हात लावायचा. तर मी बोलतो, तू ऐक. सगळं एकाच वेळी निघणार. आवाज दोन-चार दिवस बसणार, मग पहिल्यासारखा. मशीनवर तू. बरोबर?"

मी मॅडमकडे बघितलं. त्यांना मराठी कळत नव्हतं. त्यांनी विचारलं, "थांबण्याबद्दल त्यांना समजलं ना?"

"येस डॉक्टर," मी म्हटलं. आणि अंकलना म्हटलं, "बरोबर."

"कॉपी," अंकल म्हणाले आणि सही केली.

ऑपरेशन सकाळी पहिलं होतं. उजवी बाजू मोठी, म्हणून आधी उजवी. नळी घातली, सेन्सर पट्ट्यांना टेकल्याचं मी तपासलं, मान मागे वाकवल्यावर परत तपासलं, कारण मान हलली की नळी सरकते. भुलीचे डॉक्टर केरळचे, त्यांना मी रोज विचारते तेच विचारलं, "स्नायू सैल करायचं औषध उतरलं ना?" ते असलं तर पट्टी हलणारच नाही आणि मशीन खोटं बोलेल. "उतरलं, उतरलं. तू काय माझी सासू आहेस?"

मॅडमनी उजव्या मोठ्या नर्व्हला, जिच्यातून आवाजाची नर्व्ह फुटते तिला, सळई टेकवली. टक. स्क्रीनवर लाटेची उंची सातशे. खणखणीत! मग थायरॉइडच्या मागची बारीक नर्व्ह सापडली. टक. पांढरी, चकाकती. मी मनात म्हटलं, अंकल, हा बघा तुमचा 'हट'.

गाठ मोठी होती, छातीकडे खाली उतरलेली. ती बाहेर काढायची तर थायरॉइड उचलून मध्याच्या दिशेने ओढावी लागते आणि श्वासनळीजवळ एका जागी ती नर्व्हला अगदी घट्ट धरून असते. ओढलं की नर्व्हपण ओढली जाते. तिथेच सगळ्यात जास्त त्रास होतो, कापल्याने नाही, ताणल्याने.

टक. सहाशे. टक. चारशे.

"डॉक्टर, सिग्नल उतरतोय."

मॅडमनी हात लगेच सैल सोडला. सगळे थांबले. एक मिनिट, दोन मिनिटं. टक, पाचशे. परत हळूहळू सुरू. शेवटचा धागा सोडवायचा होता, अगदी नर्व्हच्या वरचा. सुटला. उजवा भाग बाहेर आला, मोठ्या लिंबाएवढा. मॅडमनी सळई टेकवली.

काही नाही.

परत टेकवली. काही नाही. स्क्रीनवर सरळ रेघ.

मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून प्रार्थना केली की चूक माझी असू दे. नळी सरकलेली असू दे, वायर निघालेली असू दे, काहीतरी मूर्खासारखं माझ्याकडून झालेलं असू दे. करंट जातोय? जातोय. वायर? लागलेली. भुलीच्या डॉक्टरांनी कॅमेरा घालून नळी बघितली, जागेवर. औषध? उतरलेलं. मग शेवटची तपासणी. मॅडमनी डाव्या बाजूच्या मोठ्या नर्व्हला सळई लावली.

टक.

मोठ्याने. स्पष्ट. म्हणजे मशीन बरोबर, नळी बरोबर, मी बरोबर. डावी जिवंत आहे. उजवी गप्प आहे.

"नर्व्ह अख्खी आहे," मॅडम म्हणाल्या. "मी बघतेय तिला. तुटलेली नाही. ताणली गेलीये, झोपलीये. वीस मिनिटं थांबू." त्यांनी ओला गॉज ठेवला आणि हात जोडल्यासारखे पुढे धरून उभ्या राहिल्या, आम्ही निर्जंतुक राहायला उभं राहतो तसं.

वीस मिनिटं. थिएटरमध्ये वीस मिनिटं कोणी काही करत नाही हे मी कधी बघितलं नव्हतं. भुलीच्या मशीनचा श्वास ऐकू येत होता.

मग मॅडम हळूच म्हणाल्या, "अल्हम्दुलिल्ला, आपण त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. आता सिग्नल नाही आला तर मी थांबते, आणि त्यांना धक्का बसणार नाही."

मी गप्प बसू शकले असते. खरंच. ऑपरेशनच्या निर्णयात काही फरक पडणार नव्हता, थांबायचंच होतं. अंकल उठले असते, म्हटले असते मला कोणी सांगितलं नाही, मॅडम म्हटल्या असत्या सांगितलं होतं, पेशंट विसरतात, नेहमी विसरतात. आणि अंकल, ज्यांनी एकेक शब्द परत बोलून दाखवला होता, ते विसरणारे ठरले असते.

"डॉक्टर," मी म्हटलं. "मी नाही सांगितलं."

मास्कच्या वर फक्त डोळे दिसतात. ते माझ्याकडे वळले.

"काय नाही सांगितलं?"

"थांबण्याचं. आणि महिने लागू शकतात ते. कायमचं ते. मी म्हटलं दोन-चार दिवस."

भुलीचे डॉक्टर स्क्रीनकडे बघायला लागले, जणू तिथे काहीतरी फार इंटरेस्टिंग होतं.

"तू येस म्हणालीस."

"हो."

त्यांनी ओला गॉज सारखा केला. मग त्या म्हणाल्या, "मीसुद्धा फोन खाली ठेवायला नको होता. तो भाग माझा. पण तू गाळलेलं तू सांगायचं, त्यांच्या बायकोला आणि त्यांना. मी शेजारी उभी राहीन. फोनवर मराठी कळणारा दुभाषी असेल, तू बरोबर सांगतेस का ते ऐकायला."

वीस मिनिटांनी सळई टेकवली. बारीकशी लाट आली की काय असं वाटलं, नव्हती. परत एकदा. नाही.

"खलास. डावी बाजू नाही करायची. बंद करू."

कोणीतरी विचारलं, गाठ तर दोन्हीकडे आहे, परत भूल, परत ऑपरेशन? मॅडम म्हणाल्या, दाबत होती ती उजवी, ती निघाली. डावी राहिली तर तो माणूस उद्या जेवेल. डावी काढताना तिची नर्व्हपण झोपली तर उद्या तो गळ्यातल्या नळीतून श्वास घेईल.

आंटी बाहेर बसली होती, हातात रोझरीची जपमाळ, लाँड्रीचा युनिफॉर्म तसाच, ड्युटी बदलून आलेली. मला बघून हसली. त्या हसण्याबद्दल मला लिहायचं नाही.

मी सांगितलं. अर्धंच झालंय. उजव्या बाजूची आवाजाची नस ताणली गेलीये, तुटलेली नाही. आवाज काही आठवडे, कदाचित महिने बसलेला राहील. बहुतेकांचा येतो. थोड्यांचा नाही येत. "आणि हे डॉक्टर मॅडमनी त्या दिवशीच सांगितलं होतं, आंटी. मी तुम्हाला नाही सांगितलं."

मॅडम शेजारी उभ्या होत्या. त्यांचं इंग्लिश आणि माझं मराठी दोन्ही ऐकून फोनवरचा माणूस हिंदीत म्हणाला, "जी, यही कहा डॉक्टर ने."

आंटी रोझरीचा मणी बोटात धरून बसली. "तू आमच्यातली म्हणून फोन ठेवला ना त्यांनी," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर दहादा विचारलं असतं आम्ही."

रिकव्हरीत अंकल जागे झाले. डोळे आधी छताकडे, मग आंटीकडे, मग माझ्याकडे. तोंड उघडलं आणि जे आलं ते हवा होतं. अर्धी हवा, अर्धे शब्द.

"झालं... ना... एकाच वेळी?"

मी त्यांच्या उशाशी उभी राहिले आणि आंटीला सांगितलं ते परत सांगितलं. हे मी आधी गाळलं होतं, तेसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं. मग पाणी मागितलं. नर्सने कप दिला, त्यांनी नेहमीसारखं डोकं मागे टाकून घोट घेतला आणि ठसका लागला, असा की चेहरा जांभळा. मॅडम धावल्या. एक पट्टी हलत नाही म्हणजे ती गिळताना दारसुद्धा नीट लावत नाही, पातळ पाणी चुकीच्या नळीत जातं. "हनुवटी खाली, छातीकडे," मी म्हटलं, "छोटा घोट अंकल." त्यांनी माझं ऐकलं नाही. फोनवरच्या माणसाने हिंदीत तेच सांगितल्यावर ऐकलं.

पुढचे तीन महिने मला अंकलची बातमी दुसऱ्यांकडून कळत होती. दुसऱ्या आठवड्यात कॅमेरा घातला, उजवी पट्टी गप्प. स्पीच थेरपीची मुलगी माझी मैत्रीण, ती सांगायची. अंकल घरी कुजबुजत बोलायचे, आंटीने बोलायलाच बंदी घातलेली, वही आणि पेन दिलेलं. थेरपिस्ट म्हणाली, कुजबुजू नका, त्याने घसा जास्त आवळतो. ओरडूपण नका. साधं, हळू, रोजचं बोला. वही बंद. तिने हेही सांगितलं की नाहीच हलली पट्टी तर इंजेक्शनने ती फुगवून मध्याला सरकवता येते, म्हणजे दुसरी पट्टी तिला येऊन टेकते, आणि कायमचं काही करायच्या आधी काही महिने वाट बघतात, कारण नर्व्ह हळू जागी होते.

पोर्टवर त्यांना गिअर स्टोअरमध्ये बसवलं होतं, सळया आणि कुलपं मोजायला. गँगला दुसरा फोरमन. मैत्रीण म्हणाली, ते थेरपीला येतात तेव्हा 'हट' म्हणून बघतात, दार बंद करून. येत नाही. मी त्या आठवड्यात दोनदा ड्युटी बदलून मागितली, थेरपीचा दिवस माझ्या सुट्टीला यावा म्हणून. त्यांच्यासमोर जायची हिंमत नव्हती.

मग चौथ्या महिन्यात ओपीडीतून नर्सचा फोन. "मराठीवाली, खाली ये."

"फोनवर दुभाषी घ्या ना," मी म्हटलं. "आता तोच नियम आहे."

"तो आहेच. पेशंट म्हणतो तूपण पाहिजे."

केबिनमध्ये तेच तिघं. टेबलावर फोन, स्पीकर चालू. अंकल बारीक झाले होते, गळ्यावर आडवी रेघ, छान भरलेली. मी नमस्ते म्हटलं, ते म्हणाले, "बस." आणि मला त्या एका शब्दात ऐकू आलं. हवा कमी होती. आवाज होता! खरखरीत, थकलेला, पण आवाज. मला एकदम काहीतरी मोठ्याने बोलावंसं वाटलं. बसले.

मॅडमनी स्क्रीन वळवली. कॅमेऱ्यात उजवी पट्टी हलत होती. डावीसारखी नाही, आळशी, उशिरा, पण हलत होती.

"आता," अंकल मला म्हणाले, "जे वाईट ते आधी सांग. चांगलं नंतर. काही गाळू नकोस."

मॅडम बोलल्या, मी सांगितलं, फोनवरचा माणूस मध्ये मध्ये "जी, सही" म्हणत राहिला. डावी गाठ आहे तशीच आहे, दाबत नाही, वाढत नाही. सोनोग्राफी करून बघत राहायचं. काढायची असेल तर काढता येईल, पण उजवी अजून पूर्ण जागी नाही, डावीला काही झालं तर श्वासाला धोका, गळ्यात नळी लागू शकते. म्हणून मॅडमचं मत, आता हात लावायचा नाही. रक्त तपासत राहायचं, गोळी लागली तर लागेल. उजवी अजून सुधारेल, वर्षभरही लागू शकतं.

अंकलनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. आंटीने या वेळी बाही धरली नव्हती.

"मी बोलतो, तू ऐक," अंकल म्हणाले, आणि सुरू झाले, हळू, वाक्यावाक्याला श्वास घेत. "डावी राहू दे. सोनोग्राफी. आता काढली तर श्वासाला धोका, नळी. म्हणून थांबायचं. रक्त तपासायचं. उजवी पट्टी हलते, अजून सुधारेल, वर्षभर बघायचं. बरोबर?"

फोनवरचा माणूस म्हणाला, "जी, बिलकुल सही."

माझ्या तोंडात 'बरोबर' आलं होतं. सगळे खूश होते. मॅडमसुद्धा हसत होत्या. एवढं बरोबर होतं की तिथेच थांबायला हरकत नव्हती.

"नाही अंकल," मी म्हटलं. "एक राहिलं. मॅडमनी ते पहिल्या दिवशी सांगितलं होतं, ऑपरेशननंतरही ते माझ्याकडून राहिलं, आज विचारलं नाही म्हणून त्या बोलल्या नाहीत. थांबा, मी त्यांना विचारते."

मी विचारलं. मॅडमचं हसू गेलं, त्या सरळ बसल्या. मी त्यांची वाक्यं एकेक करून सांगितली. बोलायचा आवाज बराचसा येईल. पण ओरडायचा आवाज, क्रेनच्या वर जाणारा, तो वेगळा. त्याला एक दुसरी, अजून बारीक नर्व्हपण लागते, तिला हे मशीन नेहमी नीट ऐकू शकत नाही. तो आवाज पूर्ण येईल असं त्या सांगू शकत नाहीत. येईलही. पण चौदा माणसांचा जीव त्याच्यावर ठेवू नका.

फोनवरचा माणूस हळूच म्हणाला, "जी, सही."

आंटी म्हणाली, "हे आज सांगायची गरज होती?"

"होती," अंकल म्हणाले. तिच्याकडे न बघता. मग माझ्याकडे बघून, ते परत बोलून दाखवायला लागले, आणि मला वाटतं त्यांना हे एक वाक्य बाकी सगळ्या वाक्यांपेक्षा जास्त वेळ लागलं.

"ओरडायचा आवाज... कदाचित पूर्ण येणार नाही. माणसं त्याच्यावर ठेवायची नाहीत."

"बरोबर," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. खिशातून मोबाइल काढला, पोर्टवरच्या कुणाला तरी फोन लावला. मी उठायला लागले, तर हाताने बस म्हणाले. हिंदीत, त्या खरखरीत आवाजात, त्यांनी समोरच्याला सांगितलं की गँग नव्या फोरमनकडेच राहू दे, पण आजपासून प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी पाहिजे, वॉकी चालू असो नसो. तीन शिट्ट्या म्हणजे हट. नवीन आलेल्यालासुद्धा.

मग ते थांबले, ऐकत. पलीकडचा माणूस "ठीक है" म्हणाला असावा.

"ठीक है नहीं," अंकल म्हणाले. "वापस बोलके दिखा."